कारण सांगू नकोस, तारीख सांग

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मैत्रिणीच्या मुलाला शाळेतून आणायचं, ती येईपर्यंत सांभाळायचं. आधी एका गुरुवारी, मग दर मंगळवारी आणि गुरुवारी, आणि आता "तू घरूनच काम करतेस ना" म्हणून कुठल्याही दिवशी. याला नाही कसं म्हणायचं, असं विचारतेस, आणि "तिला वाईट वाटेल" हे वाक्य पत्रात तीनदा आलंय. तुझ्या दुपारचं काय होतं, हे मात्र मला ओळींच्या मधून शोधावं लागलं.

तिच्या लेखी हे वीस मिनिटांचं काम आहे. तू तीनला काम आवरतेस, साडेतीनला त्याला घेतेस, ती पाच म्हणून सहाला येते. म्हणजे तीन तास, आठवड्यातून दोनदा. तिला हे माहीत नाही, कारण तू दार उघडताना हसून "अगं, काही नाही" म्हणतेस. फ्लिन आणि लेक या दोन संशोधकांनी 2008 मध्ये मदत मागणाऱ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायच्या होत्या. किती जणांना विचारावं लागेल, याचा मागणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं किती जड जातं, हे मागणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तुझी मैत्रीणही मनापासून समजत असणार, की जमत नसतं तर तू बोलली असतीस. त्यामुळे तिला लबाड ठरवायची गरज नाही. (ठरवलंस तर राग येतो, रागात दोन शब्द जास्त जातात आणि मग माफी म्हणून पुन्हा मुलाला तूच आणतेस.)

आता तुझी चूक सांगते. तू कारणं देतेस. "आज मीटिंग आहे" म्हटलंस, तर ती म्हणाली, "मग तो अर्धा तास शाळेत थांबेल, मीटिंग झाली की आण." बरोबरच आहे तिचं. तू अडचण सांगितलीस, तिने ती सोडवली. कारण खरं असो वा खोटं, त्यावर तोडगा निघतोच. "मला जमणार नाही" यावर तोडगा नसतो. फक्त तिथे थांबता आलं पाहिजे. पुढची शांतता भरायला तूच बोलायला लागतेस, मी तुला ओळखते.

आणि हे दुपारी तीनला, ती कामात अडकलेली असताना सांगायचं नाही. तेव्हा खरंच मूल शाळेच्या दारात उभं असतं, आणि कुणीही हो म्हणेल. मागणी नसलेल्या दिवशी तूच फोन कर. साधारण असं बोल: "मंगळवार-गुरुवारचं आणणं मी या महिनाअखेरपर्यंत करीन. पुढच्या महिन्यापासून मला जमणार नाही. आत्ताच सांगतेय, म्हणजे तुला दुसरी सोय बघायला वेळ मिळेल." एवढंच. सोय तिने शोधायची. तू पाळणाघरांची यादी काढायला बसलीस, तर ते काम नव्या नावाने तुझ्याकडेच राहिलं.

यानंतर मागण्या थांबतील असं समजू नकोस. थोडे दिवस वाढतीलही. इथे मी स्वतः आपटलेय. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला मी रोज गाडीतून सोडायचे. बंद केलं, तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा पाऊस होता म्हणून नेलं. त्यातून ती एवढंच शिकली, की चारदा विचारावं लागतं. पुढचे दोन महिने तिने तेच केलं. म्हणून "फक्त आजच" असा मेसेज आला तर "आज नाही जमणार गं" लिही आणि फोन उलटा ठेव. तिचं उत्तर लगेच वाचायलाच हवं असं नाही.

मुलाला ताप आला, ती कुठे अडकून पडली, तर जा. तिथे नियम काढू नकोस. पण दर गुरुवारी येणारी अडचण म्हणजे तिचं वेळापत्रक आहे, ते आधी कळतं.

अपराधी वाटेल म्हणतेस. कबूल केलेलं काम आयत्या वेळी सोडलंस, तर वाटायलाच हवं. महिनाभर आधी सांगून थांबलीस, तर पोटात गोळा येतो तो सवय मोडल्याचा. दोन्ही सारखेच दुखतात, म्हणून गल्लत होते. माझा तो गोळा पाच-सहा वेळा नाही म्हटल्यावर कमी झाला, त्याआधी नाही.

तुला तो मुलगा आवडतो, हेही पत्रात दिसतं. मग महिन्यातल्या एखाद्या रविवारी तूच त्याला बोलाव, तुला हवं तेव्हा. मात्र पहिला महिना थांब, नाहीतर ती त्याला जुन्याचाच नवा हप्ता समजेल.

फोन केलास की कळव.

तुझी,
ताई