वरच्या फ्लॅटचा पाइप फुटला: शेजाऱ्याला आणि सोसायटीला पत्र कसं लिहायचं?

प्रश्न: फोंड्यात पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. वरचा फ्लॅट बंद असतो, मालक मुंबईला. 12 जुलै 2025 रोजी पहाटे साडेपाचला त्यांच्या बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला. गच्चीची चावी सापडेना, म्हणून साडेआठपर्यंत पाणी वाहत राहिलं. आमच्या बेडरूमचं फॉल्स सीलिंग कोसळलं, कपाट फुगलं, गादी गेली. मालक म्हणतात पावसाचं पाणी असेल. सोसायटी म्हणते, हा तुमच्या दोघांचा मामला. दीड लाखाची मागणी करू का?

उत्तर: पत्र एकच लिहा, दोघांच्याही नावे, पण दोघांच्या चुका वेगवेगळ्या मांडा. घरातला नळाचा पाइप फुटला, एवढ्यावरून मालक आपोआप दोषी ठरत नाही. निष्काळजीपणा दाखवावा लागतो. बेसिनखालचा पाइप फ्लॅटच्या आतला, म्हणून तो सांभाळणं मालकाचं काम. महिनोन्‌महिने फ्लॅट बंद ठेवताना आतला स्टॉप कॉक बंद केला नव्हता, हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा. आधी कधी ओल आल्याचं तुम्ही त्यांना कळवलं असेल तर तो मेसेज तारखेसह पत्रात घाला.

सोसायटीवर पाइपचा दोष टाकू नका, तो टिकणार नाही. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह मात्र तिच्या ताब्यात आहे. पाइप फुटल्यावर लगेच कळवूनही तो साडेआठला बंद झाला. त्या जवळपास तीन तासांत जे वाढीव नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच तिची जबाबदारी मागा. म्हणूनच वॉचमनला केलेल्या फोनची वेळ महत्त्वाची आहे: कॉल लॉगचा स्क्रीनशॉट ठेवा आणि सीसीटीव्हीचं फुटेज राखून ठेवण्याची मागणी पत्रातच करा. जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.

पावसाच्या बचावाला उत्तर लागेलच, कारण जुलैत गोव्यातली कुठलीही भिंत ओली असू शकते. पावसाची गळती बहुधा बाहेरच्या भिंतीकडून किंवा खिडकीच्या चौकटीतून येते आणि पाऊस थांबल्यावरही हळूहळू झिरपत राहते. तुमच्याकडे पाणी छताच्या मध्यातून, वरच्या बेसिनच्या रेषेत आलं का, आणि व्हॉल्व्ह बंद होताच थोड्या वेळात थांबलं का, हे पाहा. तसं असेल तर ज्या प्लंबरनं पाइप बदलला त्याच्याकडून तेवढंच दोन ओळींत सहीनिशी लिहून घ्या. फुटलेला तुकडा टाकू देऊ नका. फोटोंची मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये आहे तो जपा. जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार असे फोटो कोर्टात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आता रक्कम. दीड लाखाचा गोळाबेरीज आकडा पत्राचा विश्वास घालवतो. उदाहरणादाखल असं मांडा: सीलिंग 120 चौरस फूट, दर 85, म्हणजे 10,200, रंगकाम 9,500, कपाटाच्या फुगलेल्या बाजू बदलणं, सुताराच्या कोटेशननुसार 28,000, वायरिंग तपासणी व दुरुस्ती 2,300. गादी 18,000 ची, चार वर्षं वापरलेली, म्हणून 9,000 मागा. जुन्या वस्तूला नव्याची किंमत सहसा मिळत नाही. एकूण 59,000. प्रत्येक आकड्यामागे बिल किंवा कोटेशन जोडा. गादी ओली ठेवून बुरशी लागू दिलीत तर तो वाढीव खर्च तुमच्यावरच येईल, तेव्हा फोटो काढून लगेच दुरुस्तीला लागा.

पत्राचा मुख्य भाग असा असू द्या:

"12 जुलै 2025 रोजी पहाटे 5.30 वाजता आमच्या वरच्या फ्लॅटमधील बेसिनखालचा पाइप फुटून आमच्या बेडरूममध्ये पाणी आले. 5.40 ला सोसायटीच्या वॉचमनला कळवले. व्हॉल्व्ह 8.30 ला बंद झाला. सोबतच्या यादीप्रमाणे नुकसान रु. 59,000 आहे. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत आपण दोघांनी आपापल्या जबाबदारीनुसार भरपाई द्यावी आणि त्याआधी आपल्या प्रतिनिधीमार्फत पाहणी करावी. संबंधित दिवसाचे सीसीटीव्ही फुटेज व वॉचमनचे रजिस्टर जतन करावे."

वेळा तुमच्या कॉल लॉगप्रमाणे बदला. मालकाला मुंबईच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा. सोसायटीच्या सेक्रेटरीला प्रत्यक्ष देऊन तुमच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या.

घरविमा असेल तर आधी विमा कंपनीला कळवा आणि तिला न विचारता मालकाला "सर्व हिशेब मिटला" असं लिहून देऊ नका. पैसे दिल्यावर मालकाकडून वसुली करण्याचा हक्क कंपनीकडे जातो. मेंटेनन्स रोखून सोसायटीवर दबाव आणू नका. थकबाकीदार म्हणून तुमचीच बाजू कमकुवत होते.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मालकाविरुद्ध दिवाणी कोर्ट. सोसायटी गोवा सहकारी संस्था कायदा, 2001 खाली नोंदलेली असेल तर तिच्याविरुद्धचा वाद सहकार निबंधकांकडे नेता येतो का, ते वकिलाला कागद दाखवून ठरवा. बऱ्याच इमारतींत नुसती मेंटेनन्स समिती असते, म्हणून नोंदणी क्रमांक आधी मागून घ्या. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं आहे, म्हणजे 12 जुलै 2028 च्या आत तो दाखल व्हायला हवा.