वरणातला हिंग: किती, कधी आणि डबी कुठे ठेवायची

प्रश्न: "मी एका वाटी तुरीच्या डाळीला पाव चमचा हिंग घालते तरी आमटी कधी कडू होते, कधी हिंग लागतच नाही. शिवाय डबी ज्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय तिथल्या सगळ्याला वास लागलाय. काय चुकतंय?"

पाव टीस्पून बरोबर आहे हो, कडूपणा प्रमाणामुळे येत नसणार. हिंग जास्त पडला तर आमटीला औषधासारखा उग्र वास येतो, कडू लागते ती बहुतेक वेळा हिंग जळल्यामुळे. आपण दुकानातून पावडर आणतो तो नुसता हिंग नसतो, त्यात डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ असतं (डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, गहू चालत नसेल त्यांनी वाचूनच घ्यावं) आणि हे पीठ कडकडीत तेलात दोन-तीन सेकंदात करपतं. मूळ हिंग म्हणजे झाडाच्या मुळाचा चीक, येतो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडून, आपल्याकडे लाहौलमध्ये लागवड सुरू झाली तीच 2020 मध्ये, आणि तो इतका तीव्र असतो की पीठ-डिंक मिसळल्याशिवाय रोज वापरणं अवघड.

मी एक वाटी डाळीच्या, म्हणजे चार माणसांच्या आमटीला दोन टीस्पून तेल घेते. मोहरी पूर्ण तडतडली की जिरं टाकायचं आणि लगेच गॅस बंद, बारीक नाही, बंदच. मग हिंग. तो तेलात फेसाळून फुलतो, कच्चा कुबट वास जाऊन कांदा-लसूण परतल्यासारखा वास येतो, तोच इशारा. लगेच हळद आणि कढीपत्ता घालायचा, कढीपत्त्याच्या ओलाव्यानं तेल जरा थंड होतं म्हणून हिंग वाचतो. मग घोटलेली डाळ ओतून परत गॅस सुरू. तेलात पडताच हिंग काळपट तपकिरी झाला आणि नाकाला झोंबला तर ती फोडणी सरळ टाकून द्या, गूळ वाढवून कडूपणा झाकायला जाऊ नका, मी दोनदा केलंय, फक्त गोड-कडू आमटी होते. आणि मोहरी तडतडायच्या आधीच कोमट तेलात घातला तर तो नीट फुलत नाही, कच्चाच राहतो.

"लागतच नाही" याचं कारण वेगळं असू शकतं. हिंगाचा वास उडून जाणारा असतो, म्हणून कुकरमध्ये डाळीबरोबर घातलेल्यातला बराचसा वाफेबरोबर जातो आणि ताटात थोडाच उरतो. पचायला बरं म्हणून कुकरमध्ये घालतात ते घाला, पण चवीचा भरवसा त्यावर ठेवू नका. साध्या वरणाला फोडणी नसते, तिथं मी डाळ घोटून मीठ-गूळ घालून उकळी आली की दोन चिमूट हिंग टाकते, चार-पाच मिनिटं उकळते आणि वरून तूप. जास्त उकळलं तर परत वास जातो. आणखी एक, डबी जुनी असेल तर पाव चमचाही कमी पडतो. उघडून नाक जवळ नेल्यावर झटका बसला नाही तर ती संपवून टाका.

खडा हिंग असेल तर हे माप विसरा. अर्ध्या मुगाएवढा तुकडा एक वाटी डाळीला पुरतो, त्याहून मोठा नको. तो तेलात टाकला तर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो, म्हणून मी दोन चमचे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ते दुधाळ पाणी आमटी उकळताना घालते.

आता ड्रॉवर. प्लॅस्टिकची डबी असेल तर हिंगाचा वास तिच्यातच मुरतो, घासून, उन्हात ठेवून पूर्ण जात नाही. आमच्याकडे एकदा चहापत्तीचा पुडा हिंगाशेजारी राहिला आणि पंधरा दिवस सगळ्यांनी हिंगाचा चहा प्यायला, सासूबाई तर म्हणाल्या, पोट छान राहिलं! तेव्हापासून हिंग घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बरणीत आणि ती बरणी एका स्टीलच्या डब्यात, असे दोन थर. मसाल्याच्या डब्यात हिंग ठेवतच नाही, जिरं-धनेपूडला वास लागतो. चहा, साखर, सुकं खोबरं, बिस्किटं यांपासून लांब, आणि गॅसवरच्या फळीवरही नको, उष्णतेनं वास लवकर उडतो. चमचा कोरडाच घालायचा, वाफेवर धरून डबी झटकायची नाही, ओल लागली की पावडरचे गोळे होतात. ड्रॉवर रिकामा करून सोड्याच्या पाण्यानं पुसा, दिवसभर उघडा ठेवा, मग एका वाटीत कोरडा सोडा दोन दिवस आत ठेवा. लाकडी असेल तर वेळ लागेल. त्यात राहिलेली चहापत्ती मात्र गेलीच समजा.