टायटलमधलं 'जगजित' एवढंच आठवतंय, गाणं कसं ओळखू?

"लहानपणी दूरदर्शनवर एक हिंदी सिनेमा पाहिला होता, फारूख शेख होता त्यात. टायटलमध्ये गायकांची पाच-सहा नावं एकाखाली एक होती, त्यातलं फक्त 'जगजित' लक्षात राहिलं. एक संथ, निरोपासारखं गाणं होतं. सगळे म्हणतात 'साथ साथ' असेल, पण त्यातलं एकही गाणं ते नाही. कोणतं गाणं असेल?"

माझ्या मते 'बाज़ार' (१९८२) मधलं 'देख लो आज हमको जी भर के'. तुमचा जगजित म्हणजे जगजित सिंग नाही, जगजित कौर. संगीतकार खय्याम यांच्या त्या पत्नी.

'जगजित' म्हटलं की आपलं डोकं आपोआप पुढे 'सिंग' लावतं, आणि त्या काळात तर लावणारच. 'प्रेमगीत' १९८१चा, 'अर्थ' आणि 'साथ साथ' १९८२चे. त्यात 'साथ साथ'मध्ये फारूख शेखही आहे, म्हणून लोक तिकडे बोट दाखवतात. पण त्यातली बहुतेक सगळी गाणी जगजित आणि चित्रा सिंग या दोघांचीच आहेत, तिथे पाच-सहा नावांची यादी कशाला लागेल? म्हणजे तुम्हाला आठवलेल्या नावापेक्षा न आठवलेल्या नावांची संख्या जास्त कामाची आहे.

आता दोन सिनेमे उरतात, आणि खरा गोंधळ इथेच आहे. 'उमराव जान' (१९८१) आणि 'बाज़ार', दोन्ही खय्याम यांचे, दोन्हीत फारूख शेख आणि नसीरुद्दीन शाह, दोन्हीत तलत अज़ीज़ आणि जगजित कौर गायलेत. वर 'उमराव जान'मध्येही जगजित कौर यांचं 'काहे को ब्याहे बिदेस' आहे, तेही सासरी पाठवणीचं. दोन्ही ऐकून पाहा. आधी एवढं आठवा, की पडद्यावर जुन्या लखनौचे नवाबी पोशाख होते की आजकालच्यासारखे साधे कपडे? पोशाखी असेल तर 'उमराव जान'. साधी घरं, हैदराबादी बोली, तरुण मुलगी आणि तिचं लग्न भलत्याशीच ठरवणारी माणसं असतील तर 'बाज़ार'. यादीतल्या इतर नावांनीही निवाडा होतो: आशा भोसले असेल तर पहिला, लता आणि भूपिंदर असतील तर दुसरा.

'बाज़ार' धरला तर गाणी एकेक करून खोडू. 'दिखाई दिए यूँ' एकट्या लताचं. 'फिर छिड़ी रात' लता आणि तलत अज़ीज़ यांचं. 'करोगे याद तो' भूपिंदरचं, म्हणजे पुरुषाचा आवाज. उरली जगजित कौर यांची दोन. त्यातलं 'चले आओ सैयाँ' हे पामेला चोप्रांबरोबरचं, ढोलकीवरचं, बायकांच्या मेळ्यातलं. निरोपाशी त्याचा काही संबंध नाही. मग 'देख लो' हेच राहतं: एकच बाई, संथ लय, पडद्यावर सुप्रिया पाठक आणि फारूख शेख. शब्द मिर्ज़ा शौक़ यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या मसनवीतले आहेत, त्यामुळे ते जुन्या वळणाचे वाटतात. (मी स्वतः कित्येक वर्षं ते चित्रा सिंगचं आहे म्हणून भांडलो आहे. आवाजात तसं काहीच सारखं नाही, नावाच्या जोडीने फसवलं.)

पडताळायला इंटरनेटवर शोधणार असाल तर एक फास टाळा. मीही आधी `Jagjit -Singh` असं शोधलं होतं, म्हणजे सिंग वगळून. त्याने नेमकी 'बाज़ार'ची पानंच गायब होतात, कारण तिथे भूपिंदर सिंग लिहिलेलं असतं. `"Jagjit Kaur" Khayyam` असं शोधा, अवतरणचिन्हांसकट.

एक मर्यादा मात्र सांगतो. टायटलच्या यादीत कोण गायलं ते असतं, कोणी काय गायलं ते नसतं. एखाद्या नावाचं गाणं संकलनात कापलेलंही असू शकतं, आणि कोरसमधल्या बायकांची नावं तर क्वचितच येतात. म्हणून गाण्यावार गायकाची खात्री रेकॉर्डच्या वेष्टनावरून करावी. तिथेही डोळे उघडे हवेत: 'महल'च्या (१९४९) गाण्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून लताऐवजी पात्राचं नाव, 'कामिनी', छापलं होतं. १९८२पर्यंत तसलं काही उरलं नव्हतं, तेव्हा 'बाज़ार'च्या एलपीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

ऐकून सांगा. ते नसलं, तर गाण्यात पुरुषाचा आवाज होता का एवढं आठवून कळवा, म्हणजे जगजित कौर यांचं मोहम्मद रफींबरोबरचं 'पहले तो आँख मिलाना' आहे का, तेही बघता येईल. पण ते 'शोला और शबनम'मधलं, १९६१चं, आणि त्यात फारूख शेख कुठून येणार!