लकी ड्रॉच्या कूपनवरचा नंबर आणि रोजचे फोन

प्रश्न : खडेबाजारात खरेदी करताना लकी ड्रॉच्या कूपनवर नंबर लिहिला. आता एका फायनान्स कंपनीचे रोज फोन येतात. ते थांबवून माझी माहिती कशी काढून टाकायला लावू?

उत्तर : प्रथम ते कूपन किंवा त्याचा फोटो शोधून खालची बारीक अक्षरातील ओळ वाचावी, कारण तिथे ‘आमचे भागीदार संपर्क करतील’ असे असल्यास कंपनी त्यालाच तुमची संमती म्हणते. म्हणून दुकान आणि कंपनी या दोघांच्याही तक्रार अधिकाऱ्यांना ईमेल करून असे लिहावे : “मी माझा क्रमांक या कामासाठी वापरण्यास संमती दिलेली नाही; दिली आहे असे आपण मानत असल्यास ती आजपासून मागे घेत आहे. माझा क्रमांक कोणाकडून मिळाला व पुढे कोणाला दिला हे कळवावे, तो नोंदींतून काढून टाकावा आणि तसे लेखी कळवावे.” खरेदीच्या बिलाची नोंद मात्र दुकानाला कायद्याने ठेवावी लागते, ती पुसण्याचा आग्रह धरू नये.

त्याचबरोबर 1909 वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद, करावी. त्यानंतरही फोन आल्यास सात दिवसांच्या आत, ज्या सिमवर फोन आला त्याच सिमवरून, समोरचा क्रमांक, तारीख आणि थोडक्यात मजकूर देऊन तक्रार करावी. कर्नाटकातील निपाणीकडे अनेकांकडे कोल्हापूरचे सिम असते, तरी तक्रार आपल्याच मोबाइल कंपनीकडे जाते. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने सध्या 1909 ची तक्रारच लवकर उपयोगी पडते.