मोड घेऊन नवा दागिना विकला, तर नोंद कशी करायची?

प्रश्न: सराफी दुकानात हिशेब लिहितो. गिऱ्हाईकाने जुन्या पाटल्या मोडीत देऊन नवा हार घेतला. जुन्या सोन्याची रक्कम वजा करून उरलेल्या रकमेवर जीएसटी लावला तर चालेल का? मजुरीवर वेगळा ५ टक्के लावायचा का? टॅलीत नोंद कशी करू?

उत्तर: नाही चालणार. समोरच्याला एकच देवघेव दिसते, पण वहीत ती दोन आहेत. तुम्ही गिऱ्हाईकाकडून सोने विकत घेतले आणि त्याला हार विकला. कर लागतो तो हाराच्या पूर्ण किमतीवर. जीएसटीच्या नियम २७ मध्ये यासाठी मोबाइलचे उदाहरणच दिले आहे: जुना फोन घेऊन नवा २० हजारांना दिला, पण जुना न घेता तोच २४ हजारांना मिळत असेल, तर खुल्या बाजारातली किंमत २४ हजारच धरायची.

तुमचाच हार घेऊ. भाव हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी ठरवलेत. हार २० ग्रॅम, २२ कॅरेट, भाव ९,००० रुपये, म्हणजे सोने १,८०,००० चे. घडणावळ, म्हणजे मजुरी, १० टक्के, १८,०००. एकूण १,९८,०००. या सगळ्यावर ३ टक्के, म्हणजे ५,९४०, त्यात केंद्राचा २,९७० आणि राज्याचा २,९७०. बिल झाले २,०३,९४० चे. घडणावळ बिलात वेगळ्या ओळीत दाखवा, पण दर तोच ३ टक्के. हार आणि त्याची घडणावळ मिळून एकच विक्री आहे.

आता पाटल्या. काट्यावर १५ ग्रॅम भरल्या, आतली लाख काढल्यावर १४.५०० उरल्या. मशीनवर टंच, म्हणजे शुद्धता, ८८ टक्के आला. शुद्ध सोने झाले १२.७६० ग्रॅम. शुद्धाचा भाव ९,८०० धरला तर मोडीची किंमत १,२५,०४८. मोडीच्या पावतीवर ढोबळ वजन, निव्वळ वजन, टंच आणि भाव हे चारही लिहा आणि गिऱ्हाईकाची सही घ्या. नुसते ‘जुने सोने १५ ग्रॅम’ लिहिलेत, तर पुढे स्टॉक कधीच जुळणार नाही. गिऱ्हाईक घरचे सोने मोडतो तेव्हा तो व्यापार करत नसतो, त्यामुळे या खरेदीवर तुम्हाला उलटा कर, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा रिव्हर्स चार्ज, भरावा लागत नाही. सरकारने २०१७ च्या जुलैतच तसा खुलासा केला होता. अर्थात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, तीही मिळत नाही.

टॅलीत तीन व्हाउचर येतील. खरेदीत ‘जुने सोने खरेदी’ नावे आणि गिऱ्हाईकाचे खाते जमा, १,२५,०४८. विक्रीत गिऱ्हाईक नावे २,०३,९४०, आणि जमेला विक्री १,८०,०००, घडणावळ १८,००० व दोन्ही करांची खाती २,९७० प्रत्येकी. उरलेले ७८,८९२ आले की बँक नावे, गिऱ्हाईक जमा. खाते शून्यावर यायला हवे. छापील बिलात मोडीची रक्कम कराच्या ओळीखाली वजा दाखवा. वर दाखवलीत की सॉफ्टवेअर ७२,९५२ वर कर काढते आणि एकाच बिलात ३,७५१ रुपये कमी भरले जातात. जुन्या बिलांत ही चूक शोधायची असेल, तर महिन्याची विक्री आणि स्टॉकमधून गेलेले वजन गुणिले भाव ताडून पाहा. मोड वजा झाली असेल, तर विक्री तेवढीच तोकडी दिसते.

आटणीकडे बहुतेक जण लक्षच देत नाहीत. पाटल्या आटवून १२.७०० शुद्ध हातात आले, तर स्टॉक जर्नलने ‘जुने सोने’मधून १४.५०० ग्रॅम काढा आणि ‘शुद्ध सोने’मध्ये १२.७०० घाला. हिशेबाच्या १२.७६० मधले ०.०६० ग्रॅम, म्हणजे ५८८ रुपयांचे सोने, आटणीची घट म्हणून खर्ची पडले. ही घट दर वेळी थोडीफार येणारच. पण ती सारखीच जास्त येत असेल, तर काउंटरवर टंच चढा लावला जातोय किंवा लाख नीट निघत नाहीये, असे समजा.

मजुरीवर ५ टक्के कुठून आले, तेही सांगतो. गिऱ्हाईक म्हणाला, ‘माझ्याच सोन्याचा हार घडवून द्या’, आणि तुम्ही खरोखर तेच सोने आटवून घडवलेत, तर तुम्ही सोने विकत नाही, फक्त काम करता. मग कर फक्त मजुरीवर, ५ टक्के. ते सोने खरेदीत घ्यायचे नाही. गिऱ्हाईकाच्या नावाने जॉबवर्कच्या नोंदवहीत वजन आणि टंच लिहून ठेवायचा. मात्र पाटल्या गल्ल्यात गेल्या आणि शोकेसमधला तयार हार दिला, तर बिलावर काहीही लिहा, ती विक्रीच आहे.