राष्ट्रपतींची संमती मिळालेला राज्याचा कायदा नंतरच्या केंद्रीय कायद्यापुढे टिकतो का?

प्रश्न: "समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याने कायदा केला, राष्ट्रपतींची संमतीही घेतली. काही वर्षांनी संसदेने त्याच विषयावर कायदा केला, पण त्यात राज्याचा कायदा रद्द केल्याचा उल्लेख नाही. राज्याचा कायदा टिकेल का? उत्तर कुठून सुरू करायचं?"

टिकणार नाही. जिथे विसंगती आहे तेवढ्यापुरता तरी नाहीच.

हा प्रश्न वाचून जुनी खपली निघाली. आमच्या कॉलेजच्या मूट कोर्टच्या अंतिम फेरीत जवळपास हीच समस्या होती. न्यायाधीश म्हणून बसलेल्या ज्येष्ठ वकिलांनी मला मध्येच तोडलं, "संमती आहे ना? मग अनुच्छेद २५४(२) लागू. संसदेने रद्द केलंय म्हणून कुठे लिहिलंय, दाखवा." मी परंतुक वाचायला घेतलं तर म्हणाले, "ते रद्द करण्याच्या अधिकाराबद्दल आहे. अधिकार वापरला कुठे?" सभागृहात हशा झाला आणि करंडक समोरच्या संघाला गेला. चहाच्या वेळीही त्यांनी तेच सुनावलं. माझ्या हातात तेव्हा झवेरभाई अमैदास विरुद्ध मुंबई राज्य, १९५४ या निकालाची झेरॉक्स होती. ती त्यांनी पाहिलीही नाही.

तो खटला नीट समजून घ्या, तुमचं अर्धं उत्तर त्यातच आहे. १९४६च्या केंद्रीय जीवनावश्यक पुरवठा कायद्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती. मुंबई प्रांताला ती अपुरी वाटली, म्हणून १९४७मध्ये प्रांतिक कायदा करून ती सात वर्षांपर्यंत नेली आणि गव्हर्नर जनरलची संमती घेतली. त्यानंतर केंद्राने मूळ कायद्यातलं शिक्षेचं कलम पुन्हा पुन्हा दुरुस्त केलं, शेवटी १९५०मध्ये. मुंबईच्या कायद्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

१९५१मध्ये परवान्याशिवाय ज्वारी नेल्याबद्दल झवेरभाईंवर मॅजिस्ट्रेटपुढे खटला चालला आणि शिक्षा झाली. गंमत अशी की आपल्याला मुंबईचा कडक कायदाच लागू आहे, असं आरोपीच म्हणत होता. कारण सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा त्या मॅजिस्ट्रेटच्या अधिकाराबाहेर गेला असता आणि सगळा खटलाच उडाला असता. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. वाढीव शिक्षा हा काही वेगळा विषय नाही, त्याच विषयावर संसदेने नंतर कायदा केला आहे, तेव्हा स्पष्ट शब्दांत रद्द केलेलं नसलं तरी विसंगतीपुरता राज्याचा कायदा निष्प्रभ. परंतुकाचा अर्थ हाच. संमतीने राज्याच्या कायद्याला मिळतं ते आधीच्या केंद्रीय कायद्यापासून संरक्षण, पुढे होणाऱ्या कायद्यापासून नाही. म्हणून दोन्ही कायद्यांच्या तारखा आधी समासात लिहून घ्या.

कधीकधी संसद स्पष्टही लिहिते. महाराष्ट्राचा २०१२चा गृहनिर्माण कायदा राष्ट्रपतींची संमती असूनही रेराच्या कलम ९२ने नाव घेऊन रद्द केला. असं वाक्य दिसलं की प्रश्नच उरत नाही. पण ते नसलं म्हणजे राज्य जिंकलं, असं म्हणणाऱ्याने परंतुक शेवटपर्यंत वाचलेलं नाही, मग त्याचा कोट कितीही जुना असो.

आता सुरुवात कुठून करायची ते. २५४वर थेट उडी मारू नका. आधी २४६ घ्या आणि दोन्ही कायद्यांचं खरं सार कोणत्या सूचीत बसतं ते ठरवा. राज्याचा कायदा मुळात राज्यसूचीतला असेल आणि समवर्ती सूचीला ओझरता स्पर्श करत असेल, तर २५४चा प्रश्नच येत नाही. हेक्स्ट फार्मास्युटिकल्स, १९८३ हा निकाल यासाठीच वाचायचा. तुमच्या प्रश्नात विषय समवर्ती सूचीतला आहे असं दिलंय, त्यामुळे इथे एक परिच्छेद पुरे.

एक राहिलंच. वर "संरक्षण" म्हटलं, तेही सरसकट नसतं. मुंबई भाडे कायद्याला संमती होती, तरी कैसर-ए-हिंद खटल्यात २००२मध्ये न्यायालयाने विचारलं की संमती मागताना कोणत्या केंद्रीय कायद्याशी विसंगती दाखवली होती. सार्वजनिक जागांवरून निष्कासनाचा केंद्रीय कायदा त्या प्रस्तावात नव्हता, म्हणून त्याच्यापुढे भाडे कायदा चालला नाही. तुमच्या प्रश्नपत्रिकेत हा तपशील नसेल तर "अमुक कायद्याच्या संदर्भात संमती घेतली असं गृहीत धरून" असं एक वाक्य टाका. आणि परीक्षकाने तरीही "रद्द केलंय कुठे?" असं विचारलं, तर झवेरभाईचं नाव वर्षासकट लिहा, खाली रेघ मारा. गुण कापले तर पुनर्मूल्यांकनाला अर्ज करा. मूटमध्ये ती सोय नसते.