शंकूच्या टाकीत h ठेवायचा की r?

प्रश्न: रिलेटेड रेट्सच्या गणितात आकृती काढता येते, पण h ठेवायचा की r हे कळत नाही आणि उत्तर चुकतं. शेवटी एककं तपासून काही फायदा होतो का?

जे विचारलंय तेच अक्षर ठेवा, बाकीचं विकलनाच्या आधी काढून टाका. आणि त्या क्षणाची किंमत विकलन झाल्याशिवाय घालू नका. हा शेवटचा नियम मी बारावीत सगळ्या वर्गासमोर भांडून शिकले, म्हणून लिहायला बसले.

तालुक्याच्या गावी क्लास होता. सरांनी फळ्यावर टोक खाली असलेला शंकू काढला. टाकीची उंची ४ मीटर, वरची त्रिज्या २ मीटर, मिनिटाला २ घनमीटर पाणी येतंय. पाणी ३ मीटर खोल असताना पातळी किती वेगाने चढते? सर म्हणाले, "या क्षणी r = 1.5, म्हणून V = 0.75πh." मग विकलन केलं, भागाकार केला, उत्तर आलं मिनिटाला ०.८५ मीटर. खाली दोन रेघा मारल्या.

माझ्या वहीत ०.२८ होतं. मी समरूप त्रिकोणांवरून आधी r = h/2 घेतलं होतं. टाकीचा मोठा अर्धा त्रिकोण आणि पाण्याचा छोटा, दोघांचं टोक एकच. त्यामुळे

V = πh³/12
dV/dt = (πh²/4)·dh/dt

आता h = 3 घातलं की 2 = (9π/4)·dh/dt, म्हणजे dh/dt = 8/(9π), मिनिटाला साधारण ०.२८ मीटर.

मी उभी राहून सांगितलं. सर म्हणाले, "एककं बघ. मीटर प्रति मिनिट आलंय ना? मग बरोबर आहे." मला खाली बसवलं. वर्ग हसला. ते हसू अजून आठवतं.

पण एककं दोन्ही उत्तरांची बरोबरच होती! खरा पुरावा मला घरी जाऊन सापडला. ३ मीटरवर पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ π(1.5)², म्हणजे साधारण ७.०७ चौरस मीटर. पातळी मिनिटाला ०.८५ ने चढत असेल, तर त्या वेगाला मिनिटाला किमान ६ घनमीटर पाणी लागेल. नळातून येतंय फक्त २. उरलेलं ४ कुठून आलं? सरांचं उत्तर बरोबर तिप्पट होतं, कारण त्यांनी r गोठवला आणि शंकूच्या सूत्रातला एक तृतीयांश तसाच राहिला. त्या क्षणी r १.५ आहे हे खरं, पण तो वाढतोय, आणि विकलनाला तेच हवं असतं. टाकी सिलिंडरची असती तर r आधी घातला असता तरी काही बिघडलं नसतं, कारण तिथे तो बदलतच नाही.

म्हणून शंकूच्या प्रत्येक गणितानंतर मी पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले dh/dt करून बघते. ते येणाऱ्या पाण्याइतकं आलं पाहिजे. 8/(9π) घेऊन करून बघा, बरोबर २ येतं.

h कुठून मोजायचा यावरही लक्ष द्या. टोकापासून मोजला तर r = h/2 इतकं सुटसुटीत होतं. काही मुलं काठापासून खाली, 'अजून किती रिकामं' ते y धरतात. तेही चालतं, पण मग r = (4 − y)/2 होतो आणि पाणी भरताना y कमी होत असल्याने dy/dt ऋण येतो. ते उणे चिन्ह विसरलं की गणित गेलं. r ठेवून dr/dt काढून शेवटी दुप्पट केली तरी हेच उत्तर येतं, पण विचारलंय पातळीबद्दल, मग तो वळसा कशाला.

एककांचा फायदा आहे, तेवढं मान्य. विकलन करताना घात कमी करायला विसरलात आणि h³·dh/dt लिहिलंत, तर डावीकडे घनमीटर प्रति मिनिट आणि उजवीकडे मीटरचा चौथा घात येतो. चूक तिथेच पकडली जाते. प्रवाह २००० लिटर प्रति मिनिट दिला असेल आणि २००० तसेच घातलेत, तर पातळी मिनिटाला २८३ मीटर चढते. एककं लिहून ठेवली असतील तर लिटर आणि मीटर शेजारी दिसतात. पण ३ किंवा १/२ असा नुसता आकडा सुटला, तर एककं काहीच बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तो ६ घनमीटरचा हिशेब सरांसमोर ठेवला. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि पुढचा धडा सुरू केला. फळ्यावरचं उत्तर त्यांनी कधीच बदललं नाही, आणि वर्गातल्या बाकीच्यांच्या वह्यांत ०.८५ तसंच राहिलं.